असेटो कोर्सा : लोटस ४९, जुनं मोंझा आणि माझा पाचवा गिअर

तिसरा_गिअर
नमस्कार मंडळी. इथे सिम रेसिंगवाले बरेच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय.

गेले तीन आठवडे असेटो कोर्सामध्ये फक्त लोटस ४९ चालवतोय. सर्किट मोंझा १९६६, बँकिंग नसलेलं, शिकेन नसलेलं. माझी लॅप १:३१.८ वर अडकली आहे. साधं एच-पॅटर्न शिफ्टर आहे, तीन पेडल आहेत. एबीएस वगैरे काही नाही, गाडीतच नाही.

अडचणी तीन आहेत.
१) मोंझा म्हणजे सरळ रस्ता, म्हणून पाचवा गिअर मुद्दाम लांब लावला. तरी गाडी २८२ च्या पुढे हलत नाही.
२) पॅराबोलिकाला ब्रेक मारून चौथ्यातून तिसऱ्यात आलो की मागची बाजू पुढे यायला बघते. पाचातल्या दोन लॅप तिथेच संपतात. ब्रेक बायस पुढे ५२ टक्के आहे.
३) चौथ्या-पाचव्या लॅपपासून पुढची चाकं लेस्मोला बाहेर सरकतात. टायरमध्ये चारही चाकांना थंड असताना २० पीएसआय.

आधी काय बदलू? सगळं एकदम बदलून पाहिलं, तर लॅप आणखी वाईट झाली.

कांदाभजी
जागा पकडून बसतो आहे. कुणीतरी चहा आणा.

शनिवारचा_प्रवासी
माझ्या हॅचबॅकला मी ३३ ठेवतो, चौघं असतील तर मागे ३५. २० म्हणजे फारच कमी, साइडवॉल खराब होईल. पुणे-नाशिक रस्त्यावर तर अजिबात नको.

तिसरा_गिअर
@शनिवारचा_प्रवासी दादा, ही कॉम्प्युटरमधली १९६७ ची फॉर्म्युला वन गाडी आहे :)

शनिवारचा_प्रवासी
बरं बरं. मला शीर्षकात फक्त 'गिअर' दिसला.

टर्बो_तात्या
सोपं आहे. फायनल ड्राइव्ह एक-दोन पायऱ्या छोटा कर. सगळे गिअर एकदम जवळ येतात, गाडी उडते. एकेक गिअर बदलत बसू नकोस, त्यात आयुष्य जातं. आणि बायस ६५ कर, गिरकी कायमची बंद. टायरमध्ये भरपूर हवा भर, मोंझाला रोलिंग रेझिस्टन्स कमी पाहिजे. विषय संपला.

हॉबिंग_काका
विषय संपलेला नाही तात्या, आता सुरू झाला.

आयुष्यभर चिंचवडला गिअर कापले, आता नातवाच्या स्टिअरिंगवर हात साफ करतो. माझा एक प्रश्न आहे. तिसरा_गिअर, प्रत्येक गिअरमध्ये ९००० आरपीएमला किती वेग येतो ते लिहून टाक. दातांचे आकडे नकोत, वेग हवा. कोणताही गिअर टाकून स्थिर ६००० वर वेग बघ आणि दीडपट कर, तेवढं पुरेल.

तिसरा_गिअर
काका, आत्ता बघून आलो. पहिला १०५, दुसरा १५०, तिसरा १९८, चौथा २४०, पाचवा ३१५.

हॉबिंग_काका
बघ, आता बोलता येईल.

पाचव्यात ९००० ला ३१५, म्हणजे दर हजार आरपीएमला ३५ किमी. तू २८२ ला अडकतोस, तेव्हा इंजिन ८०५० च्या आसपास असतं. हे इंजिन म्हणजे कॉसवर्थचं डीएफव्ही. त्याची सगळ्यात जास्त ताकद ९००० च्या जवळ मिळते, आणि तू त्याला तिथपर्यंत पोचूच देत नाहीस. गिअर लांब केला म्हणून वेग वाढत नाही. वेग वाढवते ताकद, आणि ती तू कपाटात ठेवून दिलीस.

पण खरं नुकसान त्या टोकाच्या वेगात नाही. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ताकद ४ टक्के जास्त मिळाली तरी वेग जेमतेम दीड टक्का वाढेल. २८२ चे २८६ होतील, बस. नुकसान चौथ्यातून पाचव्यात जाताना होतं. चौथा २४० ला संपतो आणि पाचव्यात तू ६८६० वर पडतोस. तिथून ८००० पर्यंत चढायला सरळ रस्त्याचा मोठा भाग खर्च होतो. बाकीचे गिअर बदलताना तुझी घसरण दीड ते पावणेतीन हजारांची आहे. पण खालच्या गिअरमध्ये ती चालते, तिथे हवा अडवत नाही. २४० ला हवा भिंतीसारखी असते, आणि नेमकी तिथे तू एकवीसशेची घसरण ठेवली आहेस. वर जाताना उड्या लहान व्हायला हव्यात.

तात्या, तुझा फायनल ड्राइव्ह चुकीचा नाही. मोंझाहून एखाद्या लहान सर्किटवर जाताना मीही आधी तोच बदलतो. पण त्याने पाचही गिअर एकाच प्रमाणात सरकतात. चौथा-पाचव्यातलं भगदाड तसंच राहतं.

टर्बो_तात्या
मान्य, भगदाड राहील. पण ६५ बायसवर मी ठाम आहे.

जुनी_फाइल
जरा विषयांतर. तुम्ही हे गिअर एका क्लिकमध्ये बदलताय, क्लार्कला ही चैन नव्हती. १९६७ च्या ४९ ला झेडएफचा गिअरबॉक्स होता, आणि त्याची गुणोत्तरं सर्किटवर बदलायची सोय नव्हती. नंतर ह्यूलँडचा बॉक्स आला, त्याने मेकॅनिकांना श्वास मिळाला. गाडीचं पदार्पण त्याच वर्षी झँडव्हूर्टला. पोल ग्रॅहम हिलचा आणि शर्यत जिम क्लार्कची. पहिल्याच शर्यतीत नवीन इंजिन जिंकतं, असं किती वेळा होतं?

आणि मोंझा १९६७ तर माहीतच असेल. पंक्चरमुळे क्लार्कची अख्खी लॅप गेली, ती त्याने भरून काढली, आघाडी घेतली आणि शेवटच्या लॅपला पेट्रोलने दगा दिला. तिसरा आला. जिंकला सरटीस, होंडात.

कांदाभजी
म्हणजे सेटअपमध्ये चौथा मुद्दा : पेट्रोल.

तिसरा_गिअर
काका, मग पाचवा किती ठेवू? २८६ ला बरोबर ९०००?

हॉबिंग_काका
एकटा फिरणार असशील तर जवळपास तेच. पण शर्यत खेळणार असशील, तर पुढच्या गाडीच्या मागे लागल्यावर २९५ पर्यंत जाशील. तेव्हा २८६ चा पाचवा लिमिटरवर आदळेल आणि ओढ मिळूनही पुढे जाता येणार नाही. म्हणून मी ९००० ला २९५ ठेवीन. एकटा असताना २८६ ला ८७०० च्या वर राहशील, ते पुरे.

त्याखाली चौथा २५८, म्हणजे पाचव्यात गेल्यावर ७८७० वर पडशील. आत्ताच्यापेक्षा हजार जास्त. तिसरा २१८, दुसरा १७५, पहिला १३०. पहिला फक्त सुरुवातीला लागतो, त्याची काळजी नको. क्लच जरा जास्त जळेल इतकंच. यादीत नेमका हाच आकडा मिळेल असं नाही, जवळचा घे.

घाटमाथा
माझं वेगळं मत. लीगमध्ये मी २८८ वर ठेवतो आणि ओढ मिळाली की क्षणभर लिमिटर सहन करतो. दहा लॅपमध्ये ओढ दोनदा मिळते, एकटा मी आठ वेळा असतो. दोनासाठी आठ का बिघडवायच्या?

हॉबिंग_काका
कारण त्या दोन शेवटच्या लॅपला असतात.

घाटमाथा
माझ्या बाबतीत शेवटच्या लॅपला पुढे कुणीच नसतं. सगळे केव्हाच निघून गेलेले असतात :(

रेवा_मिलान
मी मिलानला असते, मोंझाच्या पार्कात अधूनमधून फिरायला जाते. जुनं बँकिंग अजून उभं आहे. खाली उभं राहिलं की त्या काँक्रीटचा चढ बघून पोटात गोळा येतो, गेममध्ये तो अर्धाही जाणवत नाही. शिकेन १९७२ मध्ये आले, म्हणजे या गाडीच्या काळात ब्रेक लागायचे ते लेस्मो, व्हियालोने आणि पॅराबोलिकाला. तिसरा_गिअर, तू म्हणूनच पॅराबोलिकाला अडकतोस. २८० वरून खाली यायची ती एकच जागा आहे.

आता ब्रेकचं. बायसला हात लावायच्या आधी एक चाचणी कर. सुरुवातीच्या सरळ रस्त्यावर २५० पर्यंत जा, क्लच पूर्ण दाब आणि ब्रेक मार, चाक अडकेपर्यंत. गिअर खाली आणू नकोस. कोणती चाकं आधी अडकतात बघ. पुढची अडकली तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. मागची अडकली तर शेपूट डुलायला लागते. मग तेच परत कर, पण या वेळी नेहमीसारखे गिअर खाली आणत.

पहिल्या वेळी मागची अडकली तर दोष बायसचा. पहिल्या वेळी सगळं ठीक आणि दुसऱ्या वेळीच शेपूट निघाली, तर दोष बायसचा नाही.

टर्बो_तात्या
मग कुणाचा?

रेवा_मिलान
उजव्या पायाचा, नाहीतर गिअरचा. चाचणीचा निकाल येऊ दे.

चिंटू_पप्पा
माझा मुलगा गेमपॅडवर हीच गाडी चालवतो, बायस ७० आणि ऑटो क्लच. छान चालते. स्टिअरिंगला उगाच पैसे घालवू नका.

घाटमाथा
गेमपॅडवर बोटाने ब्रेक अर्धाच दाबणं कठीण, म्हणून ७० लागतं. पुढची चाकं अडकतात पण गाडी सरळ राहते. लॅप किती?

चिंटू_पप्पा
लॅप बघत नाही, गाडी रस्त्यावर राहते यावर आम्ही खूश.

तिसरा_गिअर
चाचणी केली. आधी जुन्याच गिअरवर केली, म्हणजे एका वेळी एकच बदल.

क्लच दाबून : ५२ वर मागची चाकं जराशी आधी अडकतात. ५५ वर चारही जवळपास एकत्र. ५७ वर पुढची किंचित आधी, गाडी सरळ.
म्हणून ५७ ठेवलं. मग गिअर खाली आणत ब्रेक मारला, आणि ५७ वरही शेपूट निघाली! फक्त चौथ्यातून तिसऱ्यात येताना. मग ६५ करून पाहिलं (तात्यांच्या आग्रहाखातर). शेपूट कमी निघते पण निघतेच, आणि थांबायला अंतर खूपच जास्त लागतं. पुढची चाकं धूर काढतात आणि पॅराबोलिकात वळायला तयारच नसतात.

रेवा_मिलान
तिसऱ्यात कोणत्या वेगाला येतोस?

तिसरा_गिअर
रिप्ले बघितला. २१० ते २१५ च्या मध्ये.

हॉबिंग_काका
हात्तिच्या! अरे, तुझा तिसरा १९८ ला ९००० वर संपतो. २१५ ला तू तिसरा टाकतोस, म्हणजे चाकं इंजिनाला ९७७० वर फिरवायला बघतात. इंजिन ते स्वतःहून करत नाही, मागच्या चाकांना धरून ठेवतं. तो हँडब्रेकच झाला की. त्यात तुझ्या पायाने थ्रॉटलचा झटका पुरेसा दिला नसेल, तर आणखी वाईट. बायस कितीही पुढे ने, इंजिनाचं हे ओढणं मागच्याच चाकांवर येणार, कारण इंजिन जोडलंय तिथेच.

म्हणजे तुझी ब्रेकची तक्रार निम्मी गिअरची होती. नवा तिसरा २१८ चा घेतलास की २०० ला खाली येताना ८२५० लागतील. तेवढा झटका पायाने सहज देता येतो.

दुसरा फायदा बाहेर पडताना. जुन्या तिसऱ्यात १९८ ला चौथा टाकावा लागतो, तेव्हा तू पॅराबोलिकाच्या मधोमध गाडी तिरकी धरून असतोस. थ्रॉटल सोडला की भार पुढे, परत दिला की मागे, एवढ्यात ती हलते. २१८ वर बदल येईल तेव्हा गाडी बरीच सरळ झालेली असेल. गिअर वेगासाठी निवडतो तसाच बदल कुठे पडेल यासाठीही निवडायचा.

टर्बो_तात्या
म्हणजे ६५ चूक?

रेवा_मिलान
गिरकी थांबवायला ६५ काम करतं, हे खरं आहे. पण ते दुखणं झाकतं. पुढच्या टायरला ब्रेकमध्येच पिळून काढलंस तर वळायला त्याच्याकडे काही उरत नाही.

टर्बो_तात्या
बरं, अर्धा बरोबर होतो. कांदाभजी, चहा आला का?

तिसरा_गिअर
दोन दिवसांनी परत आलो. नवे गिअर लावले (२९५, २५८, २१८, १७५, १३०), बायस ५७. लॅप १:३०.६! पॅराबोलिकाला वीस लॅपमध्ये एकदाच गिरकी, तीही माझ्या आळशी पायामुळे.

पण लेस्मोचं सरकणं आहेच, उलट जरा वाढलं. सहा लॅपनंतर टायरचे आकडे : पुढे डावा २६, पुढे उजवा २३.५, मागे डावा २६.५, मागे उजवा २४.५. सगळे २० वरून सुरू केलेले.

रेवा_मिलान
वाढणारच, आता पुढच्या चाकांना ब्रेकचं काम जास्त देतोस. आकडे छान लिहिलेस, त्यात सगळं उत्तर आहे.

मोंझाची वळणं मोज. कुर्वा ग्रांदे उजवं, दोन्ही लेस्मो उजवी, पॅराबोलिका उजवं. डावं म्हणावं असं एकच, व्हियालोने. म्हणजे भार सतत डाव्या बाजूच्या चाकांवर. ती जास्त तापतात, हवा जास्त फुगते. तू थंड असताना चारही समान ठेवलेस, म्हणून गरम झाल्यावर ती असमान आहेत. आपल्याला उलट हवं. पुढचा डावा १८, पुढचा उजवा २०, मागचा डावा १८.५, मागचा उजवा २० वरून सुरू कर. सहा लॅप न थांबता चालव आणि परत आकडे दे. एकदोन लॅपनंतर बघितलेले आकडे फसवे असतात, टायरचा पृष्ठभाग लगेच तापतो पण आतली हवा मागे रेंगाळते. टायर ब्लँकेटचा पर्याय चालू असेल तर सुरुवातीचे आकडे आणखीच वेगळे दिसतील, तो एकदा ठरव आणि परत बदलू नकोस.

टर्बो_तात्या
इथे मी हटणार नाही. हवा कमी केलीस की गाडी सरळ रस्त्यावर जड होते. मोंझाला पूर्ण लॅप फुल थ्रॉटल असतो.

रेवा_मिलान
पूर्ण नाही हो. तोटा होतो, पण लेस्मोतून ५ किमी जास्त घेऊन बाहेर पडलास तर तो वेग व्हियालोनेपर्यंत सोबत राहतो. कुठे तोल फिरतो ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

घाटमाथा
मी तात्यांच्या बाजूने थोडा. मी मागचे टायर एक पीएसआय जास्तच ठेवतो, स्टिअरिंगला गाडी लगेच ऐकते असं वाटतं. लॅपमध्ये फरक दिसला नाही, पण मनाला बरं वाटतं.

जुनी_फाइल
या टायरना आजच्या स्लिकसारखं चालवू नका, हे कुणी बोललंच नाही. पंख नाहीत, डाउनफोर्स शून्य. गाडी थोडी आडवी सरकत जाते तेव्हाच ती नीट वळते. लेस्मोला पुढची चाकं सरकतात म्हणजे तुम्ही स्टिअरिंग जास्त फिरवताय असंही असेल. थ्रॉटलने मागची बाजू थोडी फिरवा, स्टिअरिंग कमी लागेल.

तिसरा_गिअर
@जुनी_फाइल हे मी करून बघितलं आणि सरळ झाडात गेलो. पण मुद्दा कळला.

तिसरा_गिअर
अपडेट. रेवाताईंच्या आकड्यांवर सहा लॅप : पुढे डावा २४, पुढे उजवा २३.५, मागे डावा २५, मागे उजवा २४.५. जवळपास समान! लेस्मोला पुढची चाकं आता सहाव्या लॅपलाही धरतात. सर्वोत्तम लॅप १:३०.१.

मग तात्यांसाठी सगळीकडे २ पीएसआय वाढवून परत सहा लॅप. सरळ रस्त्यावर टोकाचा वेग एक किमीने वाढला, खरंच. लॅप १:३०.५.
मग २ कमी करून : १:३०.३, आणि गाडी दिशा बदलताना आळशी.

टर्बो_तात्या
एक किमी वाढला ना? बस, लिहून ठेवा.

कांदाभजी
तात्यांचा पुतळा पॅराबोलिकाला.

हॉबिंग_काका
०.२ आणि ०.४ चे फरक सहा लॅपमध्ये तुझ्या पायाचेही असू शकतात. प्रत्येकी तीनदा कर, मग बोल. आणि मूळ प्रश्न विसरू नकोस, तू विचारलं होतंस आधी काय बदलू. तुझ्या बाबतीत आधी गिअर, कारण शेपूट तिथून निघत होती. मग बायस, मग हवा. हवा शेवटी, कारण आधीच्या दोन्हीने टायरवरचं काम बदलतं. तुझ्याच आकड्यांत दिसलं ते, बायस ५७ केल्यावर लेस्मो बिघडलं.

घाटमाथा
माझ्याकडे उलटं झालं होतं, हवा चुकली होती म्हणून बायस चुकीचा वाटत होता. पण मी तेव्हा नवखा होतो, दोन्ही चुकले असतील.

जुनी_फाइल
१९६७ चा क्लार्कचा पोल १:२८.५ होता. अजून दीड सेकंद.

तिसरा_गिअर
गिअर न बदलता, बरोबर?

आज रात्री पहिल्यांदा वीस लॅपची शर्यत आहे, टाकी भरून. सरावात बघितलं तर टाकी भरल्यावर ५७ वर चाचणी परत बदलली, मागची चाकं आता अडकतच नाहीत, पुढची फार आधी अडकतात. ५५ वर आणू की पेट्रोल जळेपर्यंत वाट बघू?

रेवा_मिलान
पहिल्या पाच लॅप कशा चालवणार आहेस त्यावर आहे. मी ५६ घेईन.

हॉबिंग_काका
५७ च. पहिल्या लॅपला सगळे वेड्यासारखे ब्रेक मारतात, तेव्हा गाडी सरळ राहिलेली बरी.

टर्बो_तात्या
६५.